चॅटचे दप्तर सांभाळताना : आमची वाटचाल

पुण्यात आमची छोटी कंपनी सुरू झाली ती ईमेल साठवण्याच्या कामातून. आज आमचे बहुतेक ग्राहक अमेरिकेतील ब्रोकर-डीलर, म्हणजे शेअर-रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या आहेत आणि आम्ही त्यांच्यासाठी चॅटचे कनेक्टर, म्हणजे चॅटमधील संदेश उचलून साठ्यात आणणारी सॉफ्टवेअर बनवतो. तेथील सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचा नियम १७ए-४ सांगतो की, व्यवसायासंबंधीचा आलेला व पाठवलेला प्रत्येक संदेश किमान ३ वर्षे जपावा आणि त्यातील पहिली २ वर्षे तो सहज हाती लागेल असा ठेवावा. संदेश कोणत्या माध्यमातून गेला, याने फरक पडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जे. पी. मॉर्गन सिक्युरिटीजला याच कारणावरून आयोगाने १२.५ कोटी डॉलर दंड केला, कारण तेथील कर्मचारी स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवसायाचे बोलत होते आणि ते संदेश जपलेलेच नव्हते. त्यानंतर आमच्याकडे चॅटसाठी विचारणा वाढली.

कनेक्टर ठरावीक वेळाने चॅटसेवेच्या एपीआयकडे, म्हणजे इतर सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या तिच्या दाराशी, नवे संदेश मागतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल; पण खरी गोम संपादनात आहे. समजा, स्लॅक या चॅटसेवेवर १०:०२ वाजता एकाने ‘५०० शेअर घ्या’ असे लिहिले, १०:०९ ला ते ‘५०००’ केले आणि कनेक्टर १०:१५ ला आला. साधी विचारणा केली, तर त्याच्या हाती ‘५०००’ आणि संपादन झाल्याची खूण एवढेच लागते, मूळ मजकूर मिळत नाही. आणि संदेश मधल्या वेळेत खोडला असेल, तर तो होता याचाही पत्ता लागत नाही. म्हणून ग्राहकाला आम्ही आधी संपादने आणि खोडलेले संदेश राखून ठेवण्याची सेटिंग चालू करायला लावतो आणि मोठ्या संस्थांसाठी असलेल्या डिस्कव्हरी एपीआयमधून दोन्ही मजकूर वेगवेगळ्या नोंदी म्हणून घेतो.

प्रत्येक नोंदीबरोबर त्या क्षणी चॅनेलमध्ये कोण कोण होते, हेही लिहावे लागते, कारण तपासनीस विचारतो ते ‘हे कोणी वाचले असू शकते’ असे, आणि आजची सदस्ययादी त्याचे उत्तर देत नाही.

कनेक्टर थांबला तर गाजावाजा होत नाही. लायसन्सबाहेर राहिलेल्या नव्या कर्मचाऱ्याचे संदेश निमूटपणे गळत राहतात. त्यामुळे आम्ही रोज चॅनेलवार स्रोतातील आणि साठ्यातील संदेशसंख्या ताडून पाहतो, आणि एरवी बोलक्या असलेल्या व्यक्तीच्या नावावर अचानक शून्य दिसले, की ग्राहकाच्या अनुपालन अधिकाऱ्याला कळवतो.

एक मर्यादा मात्र आम्ही करारातच लिहितो: कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवरील, कंपनीने नोंदवून न घेतलेल्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत आमचा कनेक्टर पोहोचत नाही, आणि तो वापर रोखण्याचे काम ग्राहकाच्या धोरणाने व देखरेखीनेच करावे लागते.