कापून आणलेलं उत्तर

मंगळवार, रात्री

वीस सेकंदांच्या व्हिडिओ क्लिपांसाठी सर्पदंशावर मुलाखत घेऊन झाली, तेव्हा डॉक्टर हात धुताधुता सहज म्हणाले, “तुम्ही उत्तर आधीच कापून आणलं होतंत की!” हसून म्हणाले. पण खानापूर सोडून देसूर आलं तरी ते वाक्य डोक्यातून हलेना.

कापून आणायचं नाही तर काय करायचं? ‘सर्पदंशाबद्दल काय सांगाल?’ असं विचारलं असतं तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे ओळीने बोलत राहिले असते आणि सुमी पहाटेपर्यंत एडिटिंगला बसली असती. वीस सेकंदांत माणूस चाळीस-पन्नास शब्द बोलतो. तेवढ्यात एकच गोष्ट मावते. शिवाय माझा आवाज क्लिपमध्ये राहत नाही, त्यामुळे विषय त्यांच्याच तोंडून यावा लागतो. ‘दोरी बांधावी का?’ विचारलं की ‘छे, अजिबात नको’ येतं. काय नको, ते बघणाऱ्याला कसं कळणार? म्हणून लिहून नेलं होतं : साप चावल्यावर पायाला दोरी आवळतात, त्या दोरीनं पायाचं काय होतं?

आणि आलंही तसंच. “दोरी घट्ट आवळली की पायाचा रक्तपुरवठा तुटतो. तशीच राहिली तर पाय काळा पडतो, कधी कापावाही लागतो.” शेवटी आवाज खाली उतरला. मी मान हलवली, हुंकारही दिला नाही, दोन सेकंद तशीच बसले. ‘मग त्याऐवजी काय करावं?’ हा प्रश्न मुद्दाम वेगळा ठेवला होता. एकत्र विचारलं की उत्तराच्या मधे ‘आणि’ येतं, आवाज वरच राहतो, आणि तिथं तोडलं तर माणूस अर्ध्यात उठून गेल्यासारखा वाटतो.

एवढं करून माझं काय दिसतं? काही नाही. वर हे ऐकायचं. खरंच मी त्यांच्या तोंडात शब्द घातले का? शब्द नाही घातले. पण दार एवढंच उघडं ठेवलं की दुसरं काही आत येऊच नये. (आप्पांना हे सांगितलं असतं तर... जाऊ दे.)

हे जाणवलं, कारण कॅमेरा बंद करणार, तेवढ्यात डॉक्टर मण्यारीवर बोलायला लागले. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही; सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि घरचे पित्त समजून बसतात. यातला एकही ‘पण’ काढून चालत नाही. वीस सेकंदांचं केलं तर खूण नाही म्हणून कुणीतरी घरीच थांबेल. ‘विषारी साप कसा ओळखावा?’ हा प्रश्न मी याच भीतीनं यादीतून काढला होता. आणि हे मात्र मला विचारायला सुचलंच नव्हतं.

सुमीला सांगितलं, मण्यार अख्खी जाईल, खाली कन्नड ओळींसकट. ती म्हणाली, “तीन मिनिटं कोण बघतंय?”

आप्पा बघतील. त्यांना झोप कुठं असते?

उद्याच्या यादीत शेवटचा प्रश्न कोरा ठेवलाय. उत्तर कितीही लांबो, सुमीची शिवी मी खाईन.