घोडा कोपऱ्यात परत कधी येतो? डिटेल्ड बॅलन्स समजून घेताना

शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना मार्कोव्ह साखळीवर आम्हाला एक गणित घातलं होतं. बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर एकटा घोडा आहे. प्रत्येक वेळी नियमात बसणाऱ्या चालींपैकी कुठलीही एक तो सारख्याच शक्यतेने खेळतो. कोपऱ्यातून निघालेला घोडा त्याच कोपऱ्यात परत यायला सरासरी किती चाली लागतील?

पुढची चाल फक्त आत्ताच्या घरावर ठरते, आधी तो कुठून आला याला काही किंमत नाही. म्हणजे ही स्मृतिहीन साखळी. कुठल्याही घरापासून कुठल्याही घरापर्यंत घोडा पोचू शकतो, त्यामुळे एका चालीनंतरही जसंच्या तसं राहणारं घराघरांवरच्या शक्यतांचं वाटप, म्हणजे स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन π, एकच आहे आणि i या घरी परत यायला सरासरी १/π(i) चाली लागतात. इथवर ठीक. पण π काढायचं तर घरं ६४, म्हणून अज्ञातं ६४ आणि समीकरणंही ६४. मी वहीत पट आखून ती मांडायला घेतली.

सरांनी वहीत डोकावून विचारलं, "एवढी समीकरणं कशाला घेऊन बसलास? आधी दोनच घरांकडं बघ." मग म्हणाले, "महाद्वार रोडवरनं रंकाळ्याला दर तासाला जेवढी माणसं जातात तेवढीच तिकडनं परत येत असतील, आणि गावातल्या प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये असंच असेल, तर कुठल्या ठिकाणची गर्दी वाढेल काय?" नाही वाढणार. स्टेशनरी असण्यासाठी प्रत्येक घरात येणारा एकूण ओघ आणि जाणारा एकूण ओघ सारखा असला की पुरतं. डिटेल्ड बॅलन्स त्याहून कडक अट घालतो: प्रत्येक जोडीत हिशोब वेगळा मिटला पाहिजे.

π(i) P(i,j) = π(j) P(j,i)

यात P(i,j) म्हणजे i वरून एका चालीत j वर जायची शक्यता.

ही अट पाळणारं π सापडलं की पुढचं एका ओळीत होतं. दोन्ही बाजूंची सगळ्या i वर बेरीज घ्यायची. उजवीकडे π(j) बाहेर येतो, आणि j मधून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज १ असल्याने π(j) एवढाच उरतो. डावीकडे राहतो तो j मध्ये येणारा एकूण ओघ. म्हणजे हवं होतं तेच समीकरण, प्रत्येक j साठी, काहीही न सोडवता.

आता घोडा. i या घरातून d(i) चाली शक्य असतील तर प्रत्येकीची शक्यता १/d(i). एका चालीच्या अंतरावरच्या दोन घरांसाठी अट होते π(i)/d(i) = π(j)/d(j). हे गुणोत्तर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे तसंच सरकत पटभर एकच राहतं. म्हणजे π(i) हे d(i) च्या प्रमाणात. उरलं फक्त मोजणं: चार कोपऱ्यांतून २ चाली, ८ घरांतून ३, २० घरांतून ४, १६ घरांतून ६ आणि मधल्या १६ घरांतून ८. एकूण ८ + २४ + ८० + ९६ + १२८ = ३३६. कोपऱ्याचं π म्हणजे २/३३६, अर्थात १/१६८. उत्तर १६८ चाली. मधल्या घराला हेच उत्तर फक्त ४२ येतं.

पण ही अट प्रत्येक साखळी पाळत नाही, आणि ते मला मुद्दाम तपासून बघायचं होतं. तीन अवस्था गोलात घेतल्या: पुढे जायची शक्यता २/३, मागे यायची १/३. जोडीजोडीने गेलं तर दुसरीचं π पहिलीच्या दुप्पट, तिसरीचं चौपट, आणि फेरी पूर्ण करून पहिलीवर आलो की तिचं स्वतःच्याच आठपट! हे जमणारच नाही. तरीही स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन आहेच, तिन्हीला १/३. ओघ गोल फिरत राहतो, इतकंच. म्हणून जोड्यांचा हिशोब फसला तर π नाही असं समजायचं नाही, तिथे मूळ समीकरणंच सोडवायची. ओळखायची खूण कोल्मोगोरोव्हच्या निकषात आहे: कुठल्याही बंद फेरीवरच्या शक्यतांचा गुणाकार दोन्ही दिशांनी सारखा यायला हवा. इथे एकीकडून ८/२७ येतो, दुसरीकडून १/२७.

घोड्याबाबत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक चालीला त्याच्या घराचा रंग बदलतो, त्यामुळे काळ्या कोपऱ्यातून निघालेला घोडा सम चालींनंतर काळ्यावरच असणार. म्हणजे n कितीही वाढवला तरी n चालींनंतरचं वितरण π कडे जात नाही. दीर्घकाळात कुठल्या घरी किती वेळ गेला याचं प्रमाण मात्र π प्रमाणेच येतं, आणि १६८ हे उत्तर खरंच राहतं. डिटेल्ड बॅलन्स π देतो, तिथे पोचण्याची हमी देत नाही.

नंतर मी हेच राजासाठी केलं. कोपऱ्यातून ३ चाली, कडेच्या २४ घरांतून ५, आतल्या ३६ घरांतून ८. एकूण ४२०, म्हणून कोपऱ्यात परत यायला सरासरी १४०. राजा दोन चालींतही परत येऊ शकतो आणि तीन चालींतही, त्यामुळे सम-विषमाची अडचण त्याला येत नाही आणि त्याचं वितरण खरोखर π कडे जातं.