मग एकट्याने कोण शिकलं?

आठवीच्या वर्गात 'गृहपाठ बंद करावा' हा वादविवाद ठेवला होता. दोन्ही बाजूंना चार-चार मुलं: तिघं बोलणार, चौथा समोरच्यांचे मुद्दे टिपून घेणार. बाकीचा वर्ग परीक्षक.

वर्गातली एक मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायची तेही ओठांतल्या ओठांत. अनुकूल बाजूच्या नोंदी मी तिच्याकडे दिल्या. तिला सांभाळून घेतेय, अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे ती उभी राहून अडली असती तर पुढे काय करायचं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

प्रतिकूल बाजूचा पहिला वक्ता म्हणाला, गृहपाठामुळे मूल एकट्याने शिकायला शिकतं. दुसरी म्हणाली, गृहपाठाच्या निमित्ताने आईबाबा शेजारी बसतात. दोघांनाही टाळ्या पडल्या. हे दोन मुद्दे एकमेकांना छेद देतात, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

मग खंडनाची पाळी. अनुकूल बाजूचा मुलगा उभा राहिला आणि पाठ केलेलं भाषणच पुन्हा म्हणू लागला. तिने वही त्याच्याकडे सरकवली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे पहिल्या वक्त्याचे मुद्दे, उजवीकडे दुसरीचे, आणि दोन ओळींना जोडणारा एक बाण. त्याने वाचून पाहिलं, पण बाणाचा अर्थ काही लागेना. "म्हणजे... ते दोघं एकच बोलले," असं म्हणून तो बसायला लागला.

"तसं नाही."

एवढंच म्हणून ती थांबली. 'बोल, बोल, मोठ्याने' हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तर एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचं १९७०च्या दशकातलं निरीक्षण मी डी.एड.ला पाठ केलेलं. प्रत्यक्षात ते ३ सेकंद फार लांब असतात. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, तरी मी फळ्याला टेकून राहिले.

"आधी म्हणाले एकट्याने शिकतं. नंतर म्हणाले आईबाबा शेजारी बसतात. मग एकट्याने कोण शिकलं?"

आवाज बारीकच होता, पण वर्ग गप्प होता म्हणून शेवटच्या बाकापर्यंत गेला. प्रतिकूल बाजूचे तिघं एकमेकांकडे बघू लागले.

माझ्या गुणपत्रकात उच्चार, हावभाव, आत्मविश्वास असे रकाने होते. समोरच्याचं ऐकून उत्तर देण्याला रकानाच नव्हता. तिच्या नावापुढे मी आधीच 'सहभाग नाही' लिहून ठेवलं होतं. ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी धड्यावर प्रश्न विचारला, तर ती पुन्हा खाली मान घालून बसली. पुढच्या महिन्यातल्या वादविवादासाठी मी तिला विचारलं, "या वेळी वक्ता होतेस?"

"नको बाई, नोंदीच द्या," ती म्हणाली. "पण खंडन मी करीन."