आधारवरच्या जन्मतारखेने माझं कर्ज अडवलं

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. पेन्शन महिन्याला साधारण 18,000 हातात पडते. घरावरचे पत्रे गळायला लागले म्हणून स्लॅब टाकायचं ठरवलं आणि 2 लाख कमी पडत होते. गावात शेकडा तीनने पैसे मिळत होते. म्हणजे महिन्याला 6,000 नुसतं व्याज, मुद्दल तसंच उभं. म्हणून जिथं पेन्शन जमा होते त्याच बँकेत पेन्शनवरचं कर्ज मागायला गेलो. हे मी 2024 च्या नोव्हेंबरात केलं, हयातीच्या यादीवर सही करायला शाखेत गेलो होतो तेव्हा.

अर्ज, फोटो, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, सगळं एका सकाळी झालं. पोरगा साहेब चांगला बोलला. मग त्यानं संगणकात बघून सांगितलं, "काका, तुमचं वय 74 च्या वर आहे. तुम्हाला 24 महिन्यांचीच मुदत बसते."

माझा जन्म 1 जून 1952 चा. वय 72 पूर्ण, 73 चालू. त्या बँकेत 72 पर्यंत 60 महिने, 72 ते 74 मध्ये 48 महिने आणि 74 ते 76 मध्ये 24 महिने मिळत होते. कर्जदार गेला तर त्याची पेन्शन थांबते आणि बायकोला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन त्याहून कमी असतं, म्हणून वय वाढेल तशी मुदत आखडते. हे मला पटतं. पण माझं वयच चुकीचं धरलं होतं.

फरक केवढा पडतो ते बघा. हप्ता पेन्शनच्या एक तृतीयांशावर जाऊ देत नाहीत, म्हणजे माझ्यासाठी 6,000. व्याज 11 टक्के धरलं तर 2 लाखांचा हप्ता 48 महिन्यांत सुमारे 5,170 येतो आणि 24 महिन्यांत 9,320. तेवढाच 6,000 चा हप्ता 24 महिने भरायचा तर कर्ज 1 लाख 28 हजारांच्या पुढे जात नाही. माझा स्लॅब अर्धाच झाला असता.

गडबड आधारची होती. 2012 च्या शिबिरात मी आजारी, भावानं अंदाजानं वय सांगितलं आणि कार्डावर 01/01/1950 पडलं. बँकेनं खात्याची केवायसी आधारवरून भरली. मी पीपीओ पुढं केला. महालेखाकार, नागपूर यांच्याकडून आलेला, त्यावर जन्मतारीख, त्यावरच 31 मे 2010 ला मला निवृत्त केलं, त्यावरच हीच शाखा चौदा वर्षं पेन्शन देते. उत्तर एकच: "सिस्टीम घेत नाही." सरकारनं ज्या तारखेवर मला घरी बसवलं ती तारीख कर्जाला चालत नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

आधार केंद्रात गेलो. तारीख दुरुस्तीला पीपीओ लावला. काही दिवसांनी अर्ज नामंजूर, कारण पीपीओवर माझ्या नावापुढे "राव" आहे आणि आधारवर नाही. पुन्हा तालुक्याला, पुन्हा रांग. यावेळी मॅट्रिकचं बोर्डाचं प्रमाणपत्र नेलं, त्यावर नाव आधारसारखंच होतं. ते मंजूर झालं. तारीख एकदाच बदलून मिळते, तेव्हा कागद लावण्याआधी त्यावरचं नाव आधारशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. आणि आधार दुरुस्त झालं म्हणजे बँकेत आपोआप होतं असं समजू नका. मी समजलो आणि एक खेप वाया गेली. केवायसी बदलण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

बायकोला जामीन घेतात, कारण पुढं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळायचं असतं. तिचं नाव पीपीओवर आणि आधारवर सारखं आहे का हे मी आधीच बघितलं होतं, तेवढं वाचलं.

एक गोष्ट उशिरा आठवली. निवृत्तीवेळी पेन्शनचा काही भाग विकून रोख घेतली असेल, तर 15 वर्षांनी तो परत मिळायला लागतो. माझा 2025 च्या जूनपासून धरायचा होता. "थांबलात तर हप्त्याची मर्यादा वाढेल," असं एक मित्र म्हणाला. माझ्या बाबतीत 74 ला अजून अवकाश होता, थांबता आलं असतं. पण ज्याचं 72 किंवा 74 भरत आलंय त्यानं थांबू नये. पेन्शन थोडी वाढते आणि मुदत एकदम तुटते.

कर्ज फेब्रुवारीत मिळालं, 48 महिन्यांचं. मिस्त्री मार्चला आला आणि मृगाच्या आधी स्लॅब पडला.