आमची वाटचाल: भाजणीपासून चकलीपर्यंत

सासूबाईंनी १९९४ मध्ये नौपाड्यातील राहत्या घरी चकलीची भाजणी विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ठाण्यातील गिऱ्हाईक आमच्याकडे एका कारणासाठी येते: आम्ही तांदूळ आणि प्रत्येक डाळ मंद आचेवर वेगवेगळी भाजतो. सगळे एकाच कढईत टाकले, तर एक धान्य करपते आणि दुसरे कच्चे राहते, मग चकलीला खमंगपणा येत नाही.

तयार चकलीची मागणी वाढली, तेव्हा २०१८ च्या दिवाळीला आम्ही ती नवी मुंबईतील एका कारखान्याकडून करून घेतली आणि पाकिटावर आमचे नाव घातले. पीठ मात्र त्यांचेच होते. सगळा माल खपला, चकलीबद्दल तक्रारही आली नाही. पण मार्गशीर्षात एक जुन्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "वहिनी, हल्ली भाजणी बदललीत का हो?" त्यानंतर आणखी काहींनी तेच विचारले. भाजणीत आम्ही तिळमात्र बदल केला नव्हता. लोकांनी चकलीची चव भाजणीच्या खाती मांडली होती. नव्या मालाने जुन्या नावाला धक्का लागतो तो असा, आणि तो नव्या मालाच्या तक्रारींत दिसत नाही, जुन्या मालाबद्दलच्या शंकांत दिसतो.

पुढच्या दिवाळीला आम्ही चकली विकलीच नाही. नंतर ठरवले की आमच्या नावाची चकली आमच्याच भाजणीची आणि आमच्याच हाताखाली तळलेली असेल. हे वाटले तितके सोपे नव्हते. मोठ्या घाण्याची उकड मळेपर्यंत गार होते आणि चकली पाडताना तुटते, म्हणून आजही आम्ही एका वेळी एकाच किलोची उकड काढतो. मोहन जास्त पडले तर चकली तेलात विरते आणि कमी पडले तर कडक होते, म्हणून ते अंदाजाने न घालता मोजूनच घालतो.

सर्वांत जास्त वेळ टिकाऊपणाने घेतला. कोरड्या पिठाच्या धंद्यात तळणीच्या तेलाचा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. आम्ही पाकिटे ठेवून दर दोन दिवसांनी एक उघडून वास घेतला. चोविसाव्या दिवशी खवटपणा जाणवला, आणि दर्शनी फळीवर उन्हात ठेवलेल्या पारदर्शक पाकिटांत तो त्याच्याही आधी आला. म्हणून पाकीट अपारदर्शक केले, मुदत १५ दिवसांची छापली आणि अन्न परवान्यात नव्या पदार्थाची नोंद करून घेतली.

पाकिटावर चकली तळल्याच्या तारखेशेजारी भाजणी दळल्याची तारीखही असते. पहिले वर्षभर चकली फक्त आमच्याच दुकानात ठेवली, कारण कोण काय विचारते ते आम्हाला स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते, आणि भाजणीच्या खपाची वेगळी वही ठेवली. तो खप घटला नाही, तेव्हाच बाहेरच्या दुकानांना माल दिला.

शंकरपाळ्यांची मागणी दर दिवाळीला होते. त्यांत भाजणी नसते, त्यामुळे आमच्या नावाने त्या आम्ही अजून केलेल्या नाहीत.