सत्तू अपडेट: पाणी वाढवलं, प्रोटीन तेवढंच

मागच्या वेळी विचारलं होतं की सत्तू पातळ केला की प्रोटीन कमी होतं का, तर या आठवड्यात तेवढंच धरून बसलो. सकाळी अजिंक्यतारा चढून आलो की हाच ग्लास पितो.

आधी पीठ. आपल्याकडं साताऱ्यात सातूचं पीठ म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा गहू पण असतो, आणि गव्हात प्रोटीन हरभऱ्याच्या जवळपास निम्मंच, त्यामुळं मी फक्त सोललेल्या फुटाण्यांचं पीठ घेतो. माझ्या पाकिटावर १०० ग्रॅमला २२ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे ३० ग्रॅम पिठात ६.६.

आता हेच ३० ग्रॅम २०० मिली पाण्यात कालवलं तर दर १०० मिलीला साधारण ३.३ ग्रॅम येतं, आणि ४०० मिलीत कालवलं तर १.६ च्या आसपास. पण दोन्ही वेळी भांडं रिकामं केलं तर पोटात ६.६ च जातं, पाण्यात प्रोटीन नाहीच तर ते वाढणार कुठनं आणि कमी होणार कुठनं? फरक पडतो तो अर्धा ग्लास ठेवून उठणाऱ्याला, किंवा एकाच जगमधला सत्तू चौघांना वाटताना.

खरी गळती तळाला होते भावांनो. सत्तू विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि पातळ केला की भराभर खाली बसतो. ४०० मिलीवाला ग्लास न ढवळता निवांत घोट घोट प्यायलो, तळाला पिवळा गाळ उरला, तो ताटलीत पसरून उन्हात कडक वाळवला आणि काट्यावर ठेवला तर ६ ग्रॅमच्या आसपास भरला. म्हणजे जवळजवळ १.३ ग्रॅम प्रोटीन मोरीत जाणार होतं! २०० मिलीवाला घट्ट असतो, गाळ हळू बसतो, पण घशाला चिकटतो राव.

त्यामुळं आता आधी थोड्या पाण्यात पीठ गुठळ्या मोडेपर्यंत फेटतो, मग २५० पर्यंत पाणी, मीठ, लिंबू, भाजलेलं जिरं, पिताना चमचा ग्लासातच, आणि शेवटी दोन घोट पाणी घालून ग्लास खंगाळून तेही पितो.

चमच्यानं मोजणाऱ्यांसाठी, सपाट आणि शीग लावलेल्या चमच्यात कधी कधी दुपटीचा फरक पडतो, आणि दाबून भरलं तर आणखीच, त्यामुळं काटा घ्याच. ४५ ग्रॅम घेतलं तर ९.९ मिळतं, पण त्याला ३५० तरी पाणी लागतं आणि चढून आल्या आल्या एवढं पोटात घातलं की गॅस होतो, निदान मला तरी. त्यापेक्षा पीठ न वाढवता पाण्यातलं १०० मिली काढून तेवढं दही घुसळून घातलं तर ३ ग्रॅमच्या आसपास वरचं मिळतं, पुढच्या आठवड्यात तेच करतोय, लिंबू वगळून.