‘तूही सुटलास’ म्हटल्यानंतर

मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत शोकात असलेली माणसं बरीच असतात. शोकात असलेल्या माणसाला दुखावून बसलेलं कुणी मात्र क्वचितच येतं. हे काका तसे आले होते. त्यांच्या आणि त्यांच्या मित्राच्या परवानगीने हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका आणि त्यांचा मित्र वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बरोबर लागले, बरोबरच निवृत्त झाले. रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या, मग चहा, असा क्रम. मित्राच्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. चार वर्षं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. शेवटी हृदय थांबून त्या गेल्या. जवाहरबागेच्या स्मशानभूमीत सगळं उरकल्यावर लोक हातपाय धुऊन निघत होते. तेव्हा काकांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुटली रे बिचारी. तूही सुटलास.”

मित्र काही बोलला नाही. दहाव्याला काका गेले, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. तेराव्यालाही तसंच. त्यानंतर फोन उचलणं बंद झालं, तलावपाळीला येणंही बंद. काकांना वाटलं, धक्का आहे, वेळ जाऊ द्यावा. मग मित्राच्या मुलीने त्यांना गाठलं. “काका, बाबा तुमचं ते वाक्य रात्री उठून उठून म्हणतात,” ती म्हणाली. तेव्हा कुठे काकांना कळलं की हे आपल्यामुळे आहे. त्यांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘काही चुकलं असेल तर माफ कर. माझा हेतू तसा नव्हता.’ निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

तो मेसेज त्यांनी मला दाखवला. मी विचारलं, “यात तुम्ही काय बोललात ते कुठे आहे?” ते म्हणाले, “त्याला माहीत आहेच की.” अडचण नेमकी इथे असते. ‘काही चुकलं असेल तर’ यातला ‘तर’ चूक झाली की नाही हे ठरवायचं काम दुखावलेल्या माणसावर टाकतो. ‘हेतू नव्हता’ हे खरं असलं तरी त्यात आपण काकांकडे बघतो, मित्राकडे नाही. बायकोला अग्नी देऊन आलेल्या माणसाने आता काकांचीही समजूत काढायची, असा त्याचा अर्थ होतो.

अमेरिकेत रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा भाग वेगळे काढून तपासले होते: खेद, हे का घडलं त्याचं स्पष्टीकरण, जबाबदारी घेणं, पुन्हा होणार नाही ही ग्वाही, भरून काढण्याची तयारी आणि क्षमेची मागणी. लोकांना सर्वांत जास्त वजन जबाबदारीचं वाटलं, त्याखालोखाल भरून काढण्याच्या तयारीचं. क्षमेची मागणी सर्वांत शेवटी. त्या प्रयोगांत नोकरीतल्या चुकीचा कल्पित प्रसंग दिला होता, मृत्यूचा नाही, म्हणून मी तो क्रम डोळे झाकून लावत नाही. पण क्षमा मागण्याबद्दलचं निरीक्षण माझ्या खोलीत मला पुन्हा पुन्हा पटलं आहे. ‘मला माफ कर’ म्हटलं की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि शोकातल्या माणसाकडे द्यायला काही उरलेलं नसतं.

काकांना सगळ्यात आधी सांगायचं होतं ते वेगळंच. त्यांचे वडील लकव्याने सहा वर्षं अंथरुणाला होते. ते गेले तेव्हा आत्याने काकांना जवळ घेऊन हेच म्हटलं होतं, आणि त्यांना ते ऐकून खरोखर हलकं वाटलं होतं. म्हणजे त्यांनी मित्राला स्वतःच्या अनुभवातलं चांगलं तेच दिलं होतं. मी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हटलं, “हे तुम्ही सांगू नका. त्यांनी विचारलं तरच सांगा.” ते नाराज झाले. पण हे कारण आधी सांगितलं असतं, तर ते सफाई देणं ठरलं असतं.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती, आणि ती काकांनी मित्राला अजिबात ऐकवू नये याची मला काळजी होती. वर्षानुवर्षं सेवा केलेल्या माणसाला मृत्यूनंतर दुःखाबरोबर एक सुटकेची जाणीवही होते. अगदी सामान्य गोष्ट आहे. पण तिची लाज इतकी वाटते की ती कुणापुढे काढता येत नाही. ‘तूही सुटलास’ हे वाक्य रात्री उठवतं ते बहुधा त्यामुळेच. ते खोटं असतं तर माणूस चिडतो आणि विसरतो. मात्र हे ओळखून ‘अरे, असं वाटणं साहजिक आहे’ असं सांगायला जाणं म्हणजे दुसरा घाव. ते बोलायचा हक्क फक्त मित्राचा होता.

मग आम्ही मजकुरावर बसलो. काका मोठं पत्र लिहून आणायचे, मी त्यातली एकेक ओळ वाचून विचारायची, ही ओळ कुणासाठी आहे? शेवटी उरलं ते असं: ‘स्मशानात मी तुला म्हणालो की तूही सुटलास. तू चार वर्षं वहिनींसाठी जे केलंस, त्याला मी ओझं ठरवलं, आणि तेही त्या क्षणी. हे मी बोललो, ते चूक होतं. मला समोर बसून हे सांगायचं आहे. तू म्हणशील तेव्हा येईन. नको म्हणालास तरी समजेन. उत्तराची घाई नाही.’

घरी थेट जाऊ नका, असं मी बजावलं होतं. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही. चहा ठेवावा लागतो, ‘अरे जाऊ दे’ म्हणावं लागतं. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माफी मागितली तर तेच होतं. चारचौघांत मिळालेली ती क्षमा दारातच राहते. शिवाय दुखावलेल्या माणसाला आधी आपलं म्हणणं मांडायला मिळालं, तर उशिरा आलेली माफी जास्त पटते, असं 2005 मधल्या फ्रँट्झ आणि बेनिग्सन यांच्या अभ्यासातही दिसलं होतं. काका वाट बघत राहिले. बरेच दिवस काहीच आलं नाही, आणि त्या काळात त्यांना मेसेज पुन्हा पाठवण्यापासून थांबवणं हेच माझं मुख्य काम होतं. मग एक शब्द आला: ‘ये.’

त्या भेटीत काय झालं ते काकांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. त्यांनी मजकुरातलं तेवढंच बोलून दाखवलं आणि गप्प बसले. मित्र बराच वेळ बोलला, आणि चढ्या आवाजात बोलला. डॉक्टरांनी वहिनींना दिवसभराचं पाणी मोजून दिलं होतं, ते स्टीलच्या भांड्यात काढून ठेवायचं. भाज्या उकळून पाणी फेकायचं, शहाळं बंद. डायलिसिसच्या सुया टोचायला फिस्टुला, म्हणजे शिरा जोडून केलेली जागा, असलेल्या हाताने तिला पिशवीसुद्धा उचलू द्यायची नाही. “उन्हाळ्यात ती एक घोट जास्त मागायची आणि मी तिच्यावर ओरडायचो,” तो म्हणाला. “पाण्यासाठी ओरडायचो रे मी. आणि तू म्हणालास सुटलास.”

काकांच्या ओठांवर आलं होतं, तू तिच्या भल्यासाठीच करत होतास. ते त्यांनी गिळलं. “हो, मी तसं म्हणालो,” एवढंच बोलले. मग मित्राने विचारलं, “का म्हणालास?” तेव्हा वडिलांची आणि आत्याची गोष्ट सांगायला जागा झाली. मित्राने ऐकून घेतली. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही.

भरून काढण्याबद्दल आम्ही आधीच बोललो होतो. ‘काही लागलं तर सांग’ म्हणायचं नाही, कारण मग काम शोधून देणं मित्राच्या गळ्यात. काकांनी घरात बघितलं. भाड्याचा हॉस्पिटल बेड अजून खोलीत होता, त्याचं भाडं चालू होतं. औषधांच्या खोक्यांना कुणी हात लावला नव्हता. “बेड परत करायला शनिवारी मी येऊ का? नको असेल तर राहू दे,” असं त्यांनी विचारलं. बेड गेला. खोकी मित्राने ठेवली, आणि काकांनी त्याबद्दल दुसरा शब्द काढला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपार हे डायलिसिसचे वार होते. त्या दुपारी मित्राला घरात बसवत नाही हे मुलीकडून कळल्यावर काका त्याला विचारून त्या वेळी जायला लागले. कधी पत्ते, कधी बँकेचं वारसाचं काम, कधी नुसती झोप.

मग एक घोळ झालाच. तलावपाळीच्या चहाला कुणीतरी विचारलं, आणि काकांनी हलक्या मनाने सगळं सांगून टाकलं, पाण्याच्या घोटाची गोष्टसुद्धा. ती फिरून मित्रापर्यंत पोचली. सोमवारी दार उघडलं नाही.

काका माझ्याकडे आले तेव्हा रागावलेले होते. “इतकं केलं मॅडम, तरी?” त्यांचा राग मला समजत होता. पण हे आधीच्या वाक्यापेक्षा मोठं होतं. ते वाक्य काकांचं होतं, पाण्याची गोष्ट मित्राची होती. एका दुपारी त्याने ती विश्वासाने समोर ठेवली होती आणि ती चहाच्या टपरीवर गेली. याची माफी वेगळी मागायला हवी, पहिल्या माफीच्या हिशेबात ती धरता येणार नाही, हे पटायला काकांना वेळ लागला. या वेळी चिठ्ठी दोन ओळींची होती. ज्यांना सांगितलं त्यांना त्यांनी स्वतः गाठून ‘हे मी बोलायला नको होतं, पुढे नेऊ नका’ असं सांगितलं, आणि तसं केल्याचं चिठ्ठीत लिहिलं. सोमवार-बुधवार-शुक्रवार मात्र पुढे कितीतरी आठवडे बंदच राहिले. पुन्हा सुरू झाले तेव्हा फक्त शुक्रवार.

अजूनही फक्त शुक्रवारच आहे. मित्र वहिनींबद्दल काकांशी पूर्वीइतकं बोलत नाही. काका ते आता मोजत बसत नाहीत.

वर्षश्राद्धाच्या आधी मित्राने त्यांना फोन केला. लोक येतील, काहीबाही बोलतील, मला ऐकवणार नाही, तू दाराशी बस, असं सांगितलं. काका मला विचारायला आले, “लोकांना मी काय सांगू?” मी म्हटलं, आल्या आल्या त्यांना वहिनींची एखादी आठवण विचारा. म्हणजे आत गेल्यावर त्यांच्या तोंडी तीच असेल. काकांनी वही काढली आणि स्वतःच्या आठवणी लिहायला सुरुवात केली. पहिली कोजागिरीच्या मसाला दुधाची होती.